काचेला चिकटलेला फोटो

भाईंदरजवळच्या हाटकेशच्या त्या औद्योगिक गाळ्यांत कुणी सुगंधाला नुसतं "साइज काय?" विचारलं की तिचं डोकं फिरायचं. "कशाची साइज? फोटोची, की फ्रेमची? माणसाची उंची विचारली तर टोपीसकट सांगता का?" असं ती समोरच्याला सुनवायची. मालक असो, गिऱ्हाईक असो, की लाकडाच्या पट्ट्या घेऊन येणारा टेम्पोवाला. तोंडाने फाटकी, पण हात देवाने दिलेला. काच कापताना तिचा आवाज बंद व्हायचा. हिऱ्याच्या पेनाने एकच रेघ, एक हलका झटका, आणि काच अशी सुटायची की कडेला पापडी म्हणून नाही.

मंडणगडाजवळच्या गावातून ती एकोणिसाव्या वर्षी इकडे आली, लग्न होऊन. लग्न दोन वर्षं टिकलं. नवरा दुबईला जातो म्हणून गेला आणि नालासोपाऱ्यात दुसरं घर मांडून बसला. भावाकडे परत जायचं नाही, असं तिने ठरवलं ते ठरवलं. भाईंदर पूर्वेला एक खोली भाड्याने घेतली आणि धर्माजींच्या गाळ्यात काचा पुसायला लागली. धर्माजी रत्नागिरीकडचेच. पंचवीस वर्षं त्यांच्या हाताखाली राहून ती काचा पुसणारीची कारागीर झाली. सगळं त्यांनीच शिकवलं, आणि शिकवताना बोललेही भरपूर. "पोरी, लोक आपल्याकडे लाकूड घेऊन जायला येत नाहीत. त्यांचं माणूस ठेवायला देतात." हे वाक्य ते इतक्यांदा बोलायचे की सुगंधा त्यांची नक्कल करून गाळ्यात हशा पिकवायची.

धर्माजी गेले आणि गाळा मुलाकडे, कौस्तुभकडे आला. कौस्तुभ वाईट नव्हता. तो फक्त घाईत होता. त्याने धंदा ऑनलाइन नेला. भिंतीवर लावायची चित्रं, वचनं, पानाफुलांचे प्रिंट, आणि लोकांच्या घरचे फोटो फ्रेम करून देणं, सगळं मोबाइलवर दिसायला लागलं. प्रत्येक वस्तूखाली माहिती लिहावी लागे. कौस्तुभ लिहायचा, "साइज १० बाय १२. प्रीमियम क्वालिटी. खिळा ठोकायची गरज नाही."

"हे दहा बाय बारा कशाचं लिहिलंस?" सुगंधाने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"फ्रेमचं, ताई. बाहेरून बाहेर."

"आणि आतला प्रिंट?"

"आठ बाय दहा. पण तसं लिहिलं तर छोटं वाटतं ना. बाकी सगळे बाहेरचंच टाकतायत."

"मग लोकांना दहा बाय बाराचं चित्र मिळणार असं वाटेल, आणि घरी आठ बाय दहा पोचेल. सव्वा इंचाची पट्टी चारी बाजूंनी, त्यातला पाव इंच खाचेत चित्रावर बसतो. हिशेब कर ना. चार गोष्टी वेगळ्या लिही. प्रिंट केवढा, फ्रेम बाहेरून केवढी, कागद कुठला, आणि भिंतीला लावायची कशी."

"ताई, एवढं कोण वाचतं?"

कोण वाचतं ते पुढे कळलं, पण त्याला वेळ होता. चित्रं परत यायला लागली, "फोटो छोटा निकला" अशा तक्रारींसकट. त्यावर कौस्तुभने उपाय काढला तोही उलटा. ज्या फ्रेमींत माउंट होतं, त्यांतलंही काढून टाकलं. माउंट म्हणजे फोटोभोवती लावतात ती जाड पांढऱ्या कागदाची चौकट. ती काढली की त्याच फ्रेमीत मोठा फोटो बसतो आणि गिऱ्हाईक खूश. सुगंधा कुरकुरली. माउंट शोभेसाठी नसतं. त्याच्या जाडीमुळे फोटो काचेपासून थोडा मागे राहतो आणि दोघांमध्ये हवा खेळते. चकचकीत फोटो काचेला टेकला आणि त्यात आपल्याकडची दमट हवा शिरली, की वर्षा-दोन वर्षांत तो काचेला असा चिकटतो की पुन्हा सुटत नाही. छापील चित्राला काही होणार नाही, दुसरं छापता येतं. पण घरचा जुना फोटो दुसरा कुठून आणणार? तिने हे सगळं सांगितलं. कौस्तुभ म्हणाला, "बघू." धंद्यात "बघू" म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक असतं.

तीन वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारी दुपारी सेलीनताई गाळ्यात आल्या. समुद्रकाठच्या उत्तनहून. साठीच्या, अंगाने बारीक, हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला फोटो. आठ बाय दहा, रंगीत, चकचकीत कागदाचा. आठ वर्षांची मुलगी, पांढरा झगा, डोक्यावर पांढऱ्या फुलांची वेल, हातात मेणबत्ती. फर्स्ट कम्युनियनचा, म्हणजे चर्चमधल्या पहिल्या प्रसादाच्या दिवसाचा फोटो.

"माझी लिनेट," त्या म्हणाल्या. "सत्त्याण्णवला गेली. तापानं. स्टुडिओवाला पन गेला, दुकान पन गेलं, निगेटिव न्हाय. एवढा एकच हाय."

घर नवीन बांधलं होतं. आल्तारच्या, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्याच्या शेजारी, खिडकीपर्यंत साडेदहा इंच भिंत होती, तिथे लिनेटला लावायचं होतं. मुलाने मोबाइलवर शोधून दिलं होतं. दहा बाय बारा लिहिलंय, तेवढी जागा आहे, आणि खिळा नको, नवीन प्लास्टर आहे. रविवारी फादर घराला आशीर्वाद द्यायला येणार. त्याआधी हवी.

सुगंधाने माप घेतलं आणि तिच्या मनात लगेच आलं की हे चुकतंय. माउंट घातलं तर फ्रेम बाहेरून तेरा बाय पंधरा होणार, भिंतीत मावणार नाही. माउंट नसलं तरी एक उपाय होता. खाचेच्या आत, फोटो आणि काच यांच्या मधे, चारी कडांनी पुठ्ठ्याच्या बारीक पट्ट्या घालायच्या. बाहेरून दिसत नाहीत आणि फट राहते. पण त्या दिवशी गाळ्यात होती ती पट्टी उथळ खाचेची. काच, पुठ्ठा, फोटो, मागचा हार्डबोर्ड, एवढं त्यात बसेना. खोल खाचेची पट्टी मंगळवारी येणार होती.

"मंगळवारी देते, ताई."

"रविवारी फादर येतंय गं बाय. एवढी कृपा कर."

कौस्तुभ मागून म्हणाला, "ताई, दे ना बसवून. सगळ्यांना तसंच देतोय."

आणि सुगंधाने दिलं बसवून. थकली होती म्हणा, बाईची कीव आली म्हणा, की रोज रोज भांडून कंटाळली होती म्हणा. कारण काहीही सांगा, हात तिचा होता. काच लावण्याआधी फोटोच्या खालच्या कोपऱ्यातला एक डाग ती फडक्याने पुसायला गेली, तेव्हा सेलीनताईंनी तिचं मनगट धरलं. "तो नको पुसूस. तो तिचा अंगठा हाय." तिरपं धरून बघितलं तर खरंच एवढासा अंगठा उमटलेला होता, चकचकीत कागदावर मंद. सुगंधाने फडकं खाली ठेवलं आणि काच बसवली. काच त्या अंगठ्याला टेकली.

मागे कौस्तुभच्या सांगण्यावरून दोन्ही बाजूंनी चिकटणारा डबल टेप लावला. दोन कड्या आणि दोरी लावली असती आणि खाली दोन रबरी बटणं चिकटवली असती, तर फ्रेम भिंतीपासून बोटभर सुटून राहिली असती. टेपवर ती भिंतीला घट्ट बसणार होती. तेही सुगंधाला माहीत होतं. त्या संध्याकाळी तिने जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी विसरली. माणूस विसरतोच, विसरलं नाही तर कामाला कसा जाईल?

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी सेलीनताई पुन्हा आल्या. तोच टॉवेल. सुगंधाने ओळखलं, आणि टॉवेल सोडण्याआधीच टेबलावरच्या काचा बाजूला सारल्या.

फोटो वरून ठीक होता. चेहरा होता. पण गुडघ्यांपासून खाली, झग्याच्या घोळावर ओल्या डागासारखे चमकते चट्टे पसरले होते, थेट कोपऱ्यापर्यंत. समुद्रावरच्या घराचे तीन पावसाळे, खालून वर चढलेले. रंगकामाला फ्रेम काढली तर प्लास्टरचा पापुद्रा घेऊनच निघाली, आणि मागचा हार्डबोर्ड दमट लागला.

"दोन तारखेला मेलेल्यांचा दिवस," सेलीनताई म्हणाल्या. "भिंतीला लावायच्या आधी दरवर्षी कब्रस्तानात मेणबत्ती लावून मी फोटो तिच्याजवळ धरायची, औंदा पन धरनार. सकाळी खिडकीतून उजेड पडला की मी वाकून तिचा अंगठा बगायची. आता दिसतच न्हाय. तू काच काढ. मना तेवढा अंगठा परत दे, बाकी कसाबी झाला तरी चालंल."

सुगंधाने मागचा हार्डबोर्ड सोडवला. फोटो बोटाने हलवून बघितला. वरचा भाग सुटा होता. खालचा काचेचाच झाला होता. तिने हात काढून घेतला.

"माझा घरवाला, डेनिस, बोलतो माझ्यामुळं झालं," सेलीनताई म्हणाल्या. "मी रोज ओल्या फडक्यानं पुसते, त्याचं पानी आत गेलं. खरं हाय, मी पुसते. तेव्हापास्नं बोलत न्हाय माझ्याशी. एकच पोरगी होती, तिचा कागद पन न्हाय सांभाळला बोलतो."

सुगंधाने तेव्हाच खरं बोलायला पाहिजे होतं. ती म्हणाली, "ठेवून जा. बघते काय होतं का."

काय होणार ते तिला ठाऊक होतं, तरी प्रयत्न तर करायला हवा. गाळ्याच्या माळ्यावर कुणी न नेलेले फोटो पडलेले होते, वर्षानुवर्षांचे. त्यातला काचेला चिकटलेला एक तिने काढला, कुणा अनोळखी माणसाच्या लग्नाचा. परातीत पाणी घेऊन काचेसकट भिजत ठेवला. दोन तासांनी कागद हळूच उचलला. कागद आला, कोरा पांढरा. नवरा, नवरी, वरात सगळी काचेवरच राहिली, आणि बोट लागताच साबणासारखी निसटली. दुसरा घेतला, थंड पाण्यात जास्त वेळ ठेवला. तेच. तिसऱ्यात अर्धं चित्र कागदावर राहिलं, पण चिकटलेला भाग गेलाच. ती परात तिने मोरीत ओतली आणि तिथेच उकिडवी बसून राहिली.

कौस्तुभ आला. रिकामी परात उचलत म्हणाला, "काचेवरूनच स्कॅन करतो, ताई. चेहरा नीट येईल. खालचं कॉम्प्युटरवर साफ करू. नवीन प्रिंट देऊ, फुकट."

"कर. पण अंगठा येणार नाही."

"नाही येणार," तो म्हणाला.

स्कॅन चांगला आला. या वेळी तिने कुणाचं ऐकलं नाही. भिंत साडेदहा इंचच होती, म्हणून फ्रेम बाहेरून दहा बाय बारा. आत माउंट, चारी बाजूंनी दीड इंच. म्हणजे प्रिंट उरला फक्त पाच बाय सात. कागद मॅट, न चमकणारा, न चिकटणारा. मागे दोन कड्या, दोरी, खाली दोन रबरी बटणं. मूळ फोटो तिने काचेवरून सोडवला नाही. काच तशीच ठेवली, मागे कोरडा कागद आणि पुठ्ठा लावला, आणि कडा बांधून वेगळा दिला. फ्रेमच्या मागे तिने स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून चिकटवली. अक्षर वाईट होतं, पण चार ओळी चारी वेगळ्या होत्या.

प्रिंट ५ बाय ७ इंच. मूळ फोटोची नक्कल.
फ्रेम बाहेरून १० बाय १२ इंच.
कागद मॅट, माउंटसहित.
टांगणी दोन कड्या व दोरी. दोन खिळे. भिंतीला टेकवू नये.

आणि मग बराच वेळ पेन हातात धरून तिने पाचवी ओळ लिहिली.

पहिल्या फ्रेमीत काच व फोटो यांत फट ठेवली नव्हती. ही चूक फ्रेम करणारीची. घरच्या कुणाची नाही. सुगंधा.

कौस्तुभने वाचलं. "ताई, हे लिहू नको. चिठ्ठीचा फोटो काढून कुणी ऑनलाइन टाकला तर गाळ्याचं नाव..."

"नाव माझं घातलंय, गाळ्याचं नाही," ती म्हणाली. त्याने मान खाली घातली. बापाचा मुलगा होता शेवटी.

एक नोव्हेंबरला सकाळी ती भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडून गेली. दोन्ही पुडकी मांडीवर, रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला शिव्या देत. सेलीनताईंच्या ओट्यावर डेनिस खुर्चीत बसला होता. सत्तरीचा माणूस, गळ्यात क्रॉस, डोळे रस्त्यावर. त्याने सुगंधाकडे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे. सेलीनताई आतून पाणी घेऊन आल्या.

सुगंधाने पाणी घेतलं नाही. पाणी प्याल्यावर आपल्याकडून बोलणं होणार नाही, हे तिला माहीत होतं. "डेनिसदादा, आधी ऐका. ओल्या फडक्याने काही झालं नाही. काचेवरून पुसलेलं पाणी तसं आत जात नाही. फोटो चिकटला तो मी काच थेट त्यावर बसवली म्हणून, आणि भिंतीला टेप लावून दिली म्हणून. मला ठाऊक होतं की असं होतं. तरी मी दिलं. सेलीनताईंनी काही केलेलं नाही."

डेनिसने हात पुढे करून नवी फ्रेम घेतली आणि उलटी करून चिठ्ठी वाचली. ओठ हलत होते. दुसऱ्यांदा वाचली. त्याच्या कपाळावरची शीर उडत होती. सुगंधाला वाटलं आता हा फ्रेम आपटणार. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

"माझं तोंड फुटलं न्हाय तीन आठवडं," तो बायकोकडे न बघता म्हणाला. "ती रडत होती आन् मी हितं बसून होतो." तो उठला, आणि आत न जाता ओट्याच्या कडेला जाऊन उभा राहिला, पाठमोरा.

सेलीनताईंनी फ्रेम सुलटी केली. माउंटच्या पांढऱ्या चौकटीत लिनेट बारीक झाली होती. "एवढीशी?" त्या म्हणाल्या. "लांब उभी केल्यासारखी दिसते."

"फट ठेवायची तर एवढंच बसतं, ताई."

त्यांनी खाली बसून टॉवेलातलं दुसरं पुडकं सोडलं. काचेवरची खरी लिनेट. उजेडाकडे धरली, तिरपी केली, सरळ केली, पुन्हा तिरपी केली. खालच्या कोपऱ्यात चट्टाच चट्टा. बोटाने त्या काचेवर हळूच घासलं, जणू काच पुसली की अंगठा वर येईल. सुगंधाला ते बघवेना.

"मला मारा तरी, ताई," ती म्हणाली. "शिव्या घाला. तुमची चूक नव्हती, माझी होती."

"फोटोची तुझी," सेलीनताई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, डाळ-तांदळाचं बोलावं तसा. "ती गूळ खात होती. फोटो आला स्टुडिओतनं, धावत आली आन् चिकट हातानं धरला. मी फाडकन् दिली एक कानाखाली. नवा फोटो खराब केला म्हनून. त्यानंतर दहाव्या दिवशी ताप आला." त्यांनी काच टॉवेलावर ठेवली. "ह्या अंगठ्याशी मी रोज सकाळी माफी मागायची गं बाय. आता कुठं मागू?"

ओट्याच्या कडेला डेनिस वळला. अठ्ठावीस वर्षांत हे त्याला कधीच कळलं नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो चार पावलं चालून आला आणि बायकोच्या शेजारी, टॉवेलाच्या त्या बाजूला, जमिनीवर बसला.

सुगंधाने पिशवीतून हातोडी काढली होती, ती परत ठेवली. खिळे नंतर ठोकता येतील.